नोटिफिकेशन सिस्टम डिझाइन: आधी डबल एसएमएसचं उत्तर तयार ठेव

इंटरव्ह्यूत 'नोटिफिकेशन सिस्टम डिझाइन कर' असं विचारलं की पहिली चूक बहुतेक सगळे करतात: प्रश्न ऐकला की लगेच 'काफ्का' म्हणतात. मीही केली होती. त्याऐवजी एक मेसेज शेवटपर्यंत चालवून दाखव.

समज, ऑर्डर निघाल्याचा एसएमएस आहे. वर्करने तो क्यूमधून उचलला, गेटवेला पाठवला, पण उत्तर येण्याआधी टाइमआउट झाला. एसएमएस गेला की नाही, वर्करला कळायला मार्ग नाही. त्याने ॲक दिला नाही, म्हणून क्यू तोच मेसेज पुन्हा देते आणि ग्राहकाला दोन एसएमएस जातात. 'ॲट लीस्ट वन्स'चा अर्थ हाच.

यावर `order_id + event + channel` अशी की ठेव आणि पाठवण्याआधी ती तपास. गेटवे ही की स्वीकारत असेल तर त्यालाही दे. नसेल, तर क्वचित डबल जाणारच, हे स्वतःहून सांग. 'एक्झॅक्टली वन्स देतो' म्हणालास की पुढचा प्रश्न तिथेच येतो.

रिट्रायबद्दल एवढं पुरे:

- टाइमआउट किंवा 503 असेल तर 1, 2, 4 सेकंदांनी, थोडी रँडम भर घालून. चार-पाच प्रयत्नांनंतर डेड लेटर क्यू.
- नंबरच चुकीचा असेल तर रिट्राय नको.
- ओटीपीची मुदत संपली असेल तर मेसेज टाकून दे.

ओटीपी आणि जाहिरातींच्या क्यू वेगळ्या ठेव, नाहीतर सेलच्या दिवशी लॉगिन अडकेल. सुरुवातीला रॅबिटएमक्यू किंवा एसक्यूएस पुरते. काफ्कात एका मेसेजचा रिट्राय करत थांबलास तर त्या पार्टिशनमधले मागचे सगळे खोळंबतात. शार्डिंग विचारल्याशिवाय काढू नकोस.