जायफळाची नशा: चार तास काहीच नाही, मग तीन दिवस हाल

"मॅडम, आमचा पोरगा बेळगावात रूम करून राहतो. पोरांनी मिळून जायफळाची पूड खाल्ली म्हणे. काल रात्रीपासून तोंड कोरडं, डोळे लाल, उठवलं तर भलतंच बोलतोय. दवाखान्यात लघवी तपासली, त्यात काहीच आलं नाही. शिऱ्यात घालतो त्या जायफळानं असं होतंय होय? का दुसरं काहीतरी घेऊन लपवतोय? डोक्यावर कायमचा परिणाम तर होणार नाही ना? खरं काय ते सांगा की." (खानापूर तालुक्यातली एक आई)

ताई, तो खोटं बोलत असेलच असं नाही. लघवीच्या नेहमीच्या चाचणीत गांजा, अफू, झोपेच्या गोळ्या असे ठरावीक पदार्थच शोधतात. जायफळातली द्रव्यं त्या यादीत नसतात, म्हणून अहवाल कोरा येतो. अर्थात कोऱ्या अहवालावरून त्यानं फक्त जायफळच खाल्लं असंही ठरत नाही. ते त्याला शांतपणे विचारावं लागेल.

निपाणीकडच्या एका १९ वर्षांच्या मुलाबाबत काय झालं ते सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पैसे संपलेले, परीक्षा तोंडावर, आणि मोबाईलवर कुणीतरी सांगितलेलं की स्वयंपाकघरातच फुकटची नशा आहे. रात्री आठला त्यानं दोन जायफळांची पूड दुधातून घेतली. साडेनऊ वाजले तरी काही नाही. दहाला मित्र म्हणाला, "जुनं असेल, दम नाही त्यात." म्हणून आणखी एक जायफळ पोटात गेलं. जायफळाच्या बहुतेक प्रकरणांत घात होतो तो इथंच. दारू अर्ध्या तासात जाणवते, जायफळाला मात्र साधारण तीन ते सहा तास लागतात. पूड पोटात हळूहळू भिजते, तिच्यातलं तेल सावकाश सुटतं, मग ते रक्तात आणि यकृतात पोचतं. "काहीच होत नाही" असं वाटतं तेव्हा पहिला डोस अजून वाटेत असतो, आणि त्याच्या मागून दुसरा निघालेला असतो.

बारा वाजता त्याला जरा हलकं वाटलं, विनाकारण हसू आलं. ते अर्धा तासही टिकलं नाही. एक वाजता जीभ टाळूला चिकटायला लागली, अंग तापलं, छातीत धडधड सुरू झाली. लघवीची भावना होत होती, पण होत नव्हती. भिंत जवळ येते, लांब जाते असं दिसायला लागलं. दोनच्या सुमारास त्यानं मित्राचा हात धरला आणि "मी मरतोय, आईला फोन लाव" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. आता मरणार ही भीती जायफळाच्या विषबाधेत नेहमी दिसते. मुलगा मनानं कच्चा आहे असा तिचा अर्थ नाही.

चारला दवाखान्यात नेलं तेव्हा नाडी १३० होती. डॉक्टरांना आधी धोतऱ्याची शंका आली, कारण कोरडं तोंड, लाल चेहरा, बडबड हे त्यातही असतं. पण धोतऱ्यात बाहुल्या मोठ्या फाकतात, जायफळात बहुतेक वेळा तशा फाकत नाहीत. मित्र घाबरून दोन तास गप्प होते. जायफळाचं नाव निघालं आणि उपचार सोपे झाले. जायफळावर उतारा नाही. हृदयाचा आलेख काढायचा, सलाईन लावायचं, घबराट कमी करणारं इंजेक्शन द्यायचं, लघवी अडली असेल तर नळी घालायची आणि वाट बघायची, एवढंच.

दुसरा पूर्ण दिवस तो गुंगीत होता. उठवलं तर उठायचा, पण किती वाजले ते त्याला सांगता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी डोकं जड, पोट साफ नाही, मळमळ. मोबाईलवरचा मजकूर वाचला तरी डोक्यात शिरत नव्हता. पाचव्या दिवशी तो नीट जेवला.

आता हे असं का होतं. जायफळाच्या तेलात मिरिस्टिसिन आणि एलिमिसिन ही मुख्य गुंगी आणणारी द्रव्यं असतात. शरीरात त्यांचं अॅम्फेटामाइनसारखं काहीतरी बनतं हा जुना तर्क माणसात सिद्ध झालेला नाही, पण मोबाईलवरचे सल्ले त्याच तर्कावर चालतात. मुख्य मुद्दा वेगळा आहे. दारूत थोडी घेतली तर मजा आणि जास्त घेतली तर त्रास असा मधला पट्टा तरी असतो, जायफळात तो जवळजवळ नाहीच. डोक्यावर परिणाम होईल एवढं पोटात गेलं की हृदय, आतडी, मूत्राशय यांच्यावरही त्याच वेळी परिणाम सुरू होतो. आणि तेलकट द्रव्यं सावकाश आत येतात तशी सावकाशच बाहेर जातात, म्हणून दोन-तीन दिवस सुटका नाही. त्यात डब्यातल्या जुन्या जायफळाचं तेल उडून गेलेलं असतं आणि ताज्यात भरपूर असतं, त्यामुळं एकाला पचलं म्हणून दुसऱ्यालाही पचेल हा हिशेब लागत नाही.

शिऱ्याचं म्हणाल तर, एक जायफळ साधारण पाच ते सात ग्रॅमचं असतं आणि विषबाधेची लक्षणं दिसायला एवढं एकही पुरतं. किलोभर श्रीखंडात आपण त्याचा लहानसा तुकडा किसतो आणि ते दहाजण खातात. तेवढ्यानं काही होत नाही. बाळाला मात्र, झोपावं म्हणून सहाणेवर जास्त वेढे उगाळून देऊ नका, लहान अंगाला थोडंही जड जातं. गरोदर बाईलाही जास्त नको. युरोपात १५७६ मध्ये दहा-बारा जायफळं खाऊन भ्रमिष्ट झालेल्या एका गरोदर इंग्लिश बाईची नोंद आहे.

तुमच्या मुलाचं आता काय करायचं ते. उलटी करवू नका. गुंगीत असताना लिंबूपाणी, ताक, कॉफी तोंडात ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. कुशीवर झोपवा, खोलीत दिवा मंद ठेवा, एकच माणूस हळू आवाजात बोलू दे. तो नीट जागा झाला की घोटघोट पाणी द्या. छातीत दुखलं, फिट आली, हाक मारूनही उठेना, सात-आठ तास लघवी झाली नाही किंवा अंगावर धावून येऊ लागला तर १०८ ला फोन करून लगेच दवाखान्यात न्या. डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा: किती जायफळं, किती वाजता, आणि सोबत काय घेतलं. दारू, गांजा किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या सोबत असतील तर धोका बराच वाढतो. बरं वाटलं तरी तीन दिवस गाडीची किल्ली देऊ नका.

कायमचा परिणाम म्हणाल, तर एकदाच खाल्लेल्या जायफळानं बहुतेक मुलं चार-पाच दिवसांत पूर्ववत होतात. आठवड्यानंतरही भास, संशय, झोप न येणं चालू राहिलं तर ते जायफळाच्या नावावर ढकलू नका, मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे.

निपाणीच्या त्या मुलाशी आम्ही सहाव्या दिवशी बोललो, त्याआधी बोलून उपयोग नव्हता. "पुन्हा खाशील का?" हे विचारलंच नाही. त्याला जायफळाचा वास आला तरी उमासे येत होते, घरी बासुंदी केली तर तो उठून बाहेर जायचा. विचारलं ते त्या संध्याकाळी सातला तो काय करत होता. परीक्षेचा अर्ज भरलाच नव्हता, आणि घरी सांगायला तोंड नव्हतं. पुढच्या चार बैठकी त्या अर्जावर झाल्या.