बिलावर '2/10, net 30' : सूट घ्यावी की ३० दिवस थांबावं?

प्रश्न: इंदूरला सांवेर रोडवर आमचं पॅकिंगचं युनिट आहे. पुरवठादाराच्या बिलावर '2/10, net 30' आणि 'उशीर झाल्यास वार्षिक १८% व्याज' छापलंय. हिशोब कसा करायचा?

उत्तर: १० दिवसांत पैसे दिलेत तर २% सूट, नाहीतर ३० दिवसांत पूर्ण रक्कम. जीएसटी बाजूला ठेवून बिल १,००,००० रुपयांचं धरा. दहाव्या दिवशी ९८,००० देऊन मोकळे व्हाल. थांबलात तर तेच ९८,००० आणखी २० दिवस वापरायला २,००० मोजताय.

वार्षिक दर: (२,००० ÷ ९८,०००) × (३६५ ÷ २०) = सुमारे ३७%.

२% दिसायला किरकोळ, म्हणून लोक फसतात. कॅश क्रेडिट १२% नं मिळत असेल, तर ९८,००० चं २० दिवसांचं व्याज साधारण ६४४ होतं. उचल घेऊन सूट घेतली तरी १,३५६ वाचतात. मर्यादेत जागाच नसेल तर गोष्ट वेगळी.

उशिराचं व्याज देय तारखेनंतरच्या दिवसांवर लागतं, बिलाच्या तारखेपासून नाही. पैसे ४५व्या दिवशी दिलेत, तर उशीर १५ दिवसांचा: १,००,००० × १८% × १५ ÷ ३६५ = ७४० रुपये. काही जण 'महिना दीड टक्का' धरून सरळ १,५०० लावतात. अटीत 'प्रतिदिन' लिहून घ्या. आणि १० दिवस बिलापासून की माल पोचल्यापासून, तेही. भांडणं बहुधा तिथेच होतात.