मुदत कुठून मोजायची?

उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने आठ आठवड्यांत भूसंपादनाचा मावेजा द्या म्हणून सांगितलं, तरी कार्यालय हलत नाही. अवमान याचिका कधीपर्यंत करता येते?

आठ आठवडे संपल्यापासून एका वर्षाच्या आत. अवमान कायदा 1971, कलम 20. हे आठ आठवडे आदेशाची प्रत मिळाल्यापासून मोजायचे असतील, तर कार्यालयात प्रत देऊन आवक शिक्का घ्या. शिक्का 10 जानेवारी 2025 चा असेल तर आठ आठवडे 7 मार्च 2025 ला संपले. याचिका 7 मार्च 2026 च्या आत हवी. स्मरणपत्रांनी हे वर्ष वाढत नाही, लोक इथंच फसतात. याचिकेत नुसतं पद नको, अधिकाऱ्याचं नाव टाका. ‘अपील केलंय’ हे उत्तर स्थगिती नसेल तर चालत नाही. मात्र वाढीव मावेजा दिवाणी न्यायालयाने ठरवलेला असेल, तर साधारणपणे अवमान नव्हे, वसुलीची दरखास्त करावी लागते.