सिंगापूरच्या घामात मनगटावर काय टिकतं

प्रश्न : ताई, ऑगस्टमध्ये मी आणि बायको पुण्याहून सिंगापूरला येतोय. लग्नात सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ मी रोज घालतो, त्याचा पट्टा लेदरचा आहे. तिकडच्या हवेत तो टिकेल का? की सिलिकॉन, नायलॉन किंवा स्टीलची चेन घेऊन यावं? आणि बायकोचं मंगळसूत्र, जोडवी यांचं काय?

उत्तर : लेदर रोजच्या वापराला विसरा. मी नऊ वर्षांपूर्वी आले तेव्हा माझ्याही हातात तपकिरी लेदरचा पट्टा होता. दीड महिन्यात तो आतून काळा पडला, बकलाच्या भोकांपाशी अस्तर सुटून वर आलं आणि ट्रेनमध्ये वरचा दांडा धरला की कुबट वास थेट माझ्याच नाकात यायचा. पुण्यात तोच पट्टा तीन वर्षं चालला होता.

फरक घामाचा कमी, वाळण्याचा जास्त आहे. पुण्यात संध्याकाळी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं की सकाळपर्यंत पट्टा खडखडीत होतो. इथे पहाटे हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या वर असते, पाऊस नसलेल्या दुपारी कशीबशी साठपर्यंत उतरते, आणि हे बाराही महिने. मुंबईचा ऑक्टोबर कधी संपतच नाही असं समजा. लेदर घाम पिऊन घेतं, रात्रीत तो सुकत नाही, दुसऱ्या दिवशी त्यावर नवा घाम. मीठ आणि त्वचेचं तेल आत साचतं, जंतू वाढतात, अस्तराचा गोंद सुटतो. कपाटात ठेवलेल्या लेदरवरही पांढरी बुरशी धरते, कोकणात श्रावणात चपलांवर धरते तशी. म्हणून पट्टा निवडताना मी एकच गोष्ट बघते : तो रात्री धुता येतो का आणि सकाळपर्यंत वाळतो का.

या कसोटीला स्टीलची चेन सगळ्यांत चांगली उतरते, आणि ऑफिसलाही शोभते. कड्यांच्या फटींतून हवा खेळते, स्टील घाम पीत नाही. घेताना ३१६एल स्टील आहे का ते विचारा. घामातल्या मिठासमोर ते साध्या ३०४ पेक्षा जास्त टिकतं. स्वस्त चेनमध्ये वरच्या कड्या बऱ्या असतात, पण कड्या जोडणाऱ्या पिना हलक्या असतात आणि आधी त्याच गंजतात. कड्यांच्या सांध्यातून तपकिरी पाणी यायला लागलं की समजा पिना गेल्या. आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून जुन्या मऊ ब्रशने चेन घासा. फटींतून जो काळपट लगदा निघतो तो बघितल्यावर आठवडा चुकवावासा वाटणार नाही. तुमच्या घड्याळावर पाण्यासाठी फक्त ३० मीटर लिहिलेलं असेल तर चेन काढूनच धुवा. तो आकडा पाण्याच्या शिंतोड्यांपुरताच असतो.

चेनची मापं पुण्यात घट्ट करून आणू नका. इथे दुपारपर्यंत मनगट सुजल्यासारखं फुगतं आणि एसीत बसलं की परत उतरतं. बकलाच्या कडेला बारीक भोकांची ओळ असलेली चेन घ्या. टूथपिकने पिन दाबून एक भोक पुढेमागे सरकवलं की काम होतं, कडी काढावी लागत नाही. चेनखाली करंगळी सहज जायला हवी.

सिलिकॉनबद्दल माझं मत दुकानदारांच्या उलट आहे. ते घाम पीत नाही हे खरं, पण सोडतही नाही. खालचा घाम तिथेच कोंडून राहतो. सकाळी धावायला, पोहायला उत्तम, नळाखाली धरलं की साफ. पण सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत घातलं तर पट्ट्याच्या रुंदीएवढा लाल पट्टा मनगटावर उमटतो. साबणाने धुऊन नीट खळबळलं नाही तर राहिलेला साबणही तेच करतो. घालायचंच असेल तर एक भोक सैल बांधा आणि दुपारी एकदा काढून मनगट आणि पट्टा दोन्ही पुसा.

नायलॉन माझं शनिवार-रविवारचं. घड्याळाच्या खालून जाणारा एकसंध पट्टा घ्या. ब्रिटिश संरक्षण खात्याने १९७३ मध्ये आपल्या सैनिकांसाठी ठरवला तो हाच प्रकार. एका बाजूची पिन तुटली तरी घड्याळ पडत नाही, आणि घड्याळाची पाठ थेट त्वचेला लागत नाही. घाम पितं, वासही धरतं, पण आंघोळीच्या वेळी साबणाने चोळून पंख्याखाली टाकलं की सकाळी तयार. बंद, पंखा नसलेल्या खोलीत मात्र ओलसरच राहतं. गडद रंगावर मिठाच्या पांढऱ्या रेषा दिसतात, म्हणून मी राखाडी घेते. दोन ठेवा, म्हणजे एक हातात, एक वाळत.

आता पुरळ. कोंडलेल्या घामाचं पुरळ पट्टा जिथे जिथे टेकतो तिथे सगळीकडे येतं आणि दोन-तीन दिवस पट्टा काढला की जातं. निकेलची ॲलर्जी वेगळी. बकल किंवा घड्याळाची पाठ लागते नेमकी तिथेच खाज, बारीक पाणीदार फोड, तेही घातल्यावर एक-दोन दिवसांनी, आणि परत घातलं की परत. घामाने धातूतलं निकेल जास्त सुटतं, त्यामुळे पुण्यात कधी त्रास न झालेल्यांनाही इथे होतो. ३१६एलमध्ये निकेल असतं, पण ते सहसा फार थोडं बाहेर येतं. खरे गुन्हेगार म्हणजे मुलामा दिलेली स्वस्त बकलं. बायकोला खोट्या कानातल्यांनी किंवा जीन्सच्या बटणाने कधी खाज सुटली होती का, ते विचारा. हो म्हणाल्या तर त्यांच्या घड्याळासाठी टायटॅनियम बघा. आणि फोड आलेच तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, मलमांचे प्रयोग नकोत.

मंगळसूत्र २२ कॅरटचं असेल तर सोन्याला घामाने काही होत नाही. बघायचं ते काळ्या मण्यांची ओवणी. दोऱ्यात असेल तर दोरा घाम पिऊन कुजतो आणि एक दिवस पोत तुटते. निघण्याआधी सोनाराकडून तारेत ओवून घ्या. रोजच्यासाठी वन ग्रामचं आणायचा विचार असेल तर नको. मुलामा झिजला की खालचं पितळ घामाला लागतं आणि गळ्यावर हिरवट डाग पडतो. चांदीची जोडवी काळी पडतील, ती घासून उजळता येतात. पण बंद बुटांत बोटांच्या बेचक्यात पाणी राहतं आणि चिखल्या होतात, तेव्हा ऑफिसला जाताना काढलेली बरी.

निघण्याआधी घड्याळाला पट्टा जिथे बसतो त्या दोन कानांमधलं अंतर पट्टीने मोजा, बहुधा १८ किंवा २० मिलिमीटर असेल. त्या मापाची चेन पुण्यातच तुमच्या घड्याळजीकडून बसवून घ्या आणि जास्तीच्या दोन-तीन पिना मागून आणा. सासऱ्यांनी दिलेला मूळ पट्टा इकडे आणायचाच असेल तर कॅमेरेवाले वापरतात तसं कोरडं कपाट घ्यावं लागेल, आत आर्द्रता ४५-५० टक्के राहील असं. इथे ती सर्रास मिळतात. नाहीतर पट्टा सुती कापडात गुंडाळून पुण्यातच ठेवा आणि जानेवारीत घरी गेलात की तिथल्या थंडीत घाला.