गर्बर टेस्टची एसओपी: नवीन मुलाने हाक न मारता टेस्ट करावी म्हणून

प्रश्न: "दूध संकलन केंद्राच्या लॅबमध्ये फॅटच्या गर्बर टेस्टची एसओपी भिंतीवर लावली आहे. मराठीतच आहे. तरी नवीन मुलगा आला की दर दोन मिनिटांनी मला हाक मारतो. एकट्याला वाचून करता येईल अशी ती पुन्हा कशी लिहू?"

तुमच्या भिंतीवरचा कागद मी पाहिलेला नाही, पण त्यातलं मुख्य वाक्य कसं असेल याचा अंदाज आहे, कारण मी स्वतः असंच लिहून बरीच वर्षं भिंतीवर ठेवलं होतं:

> ब्युटायरोमीटरमध्ये १० मिली गंधकाम्ल घेऊन, त्यात १०.७५ मिली दूध व १ मिली अमाईल अल्कोहोल टाकून, स्टॉपर बसवून, मिश्रण एकजीव होईपर्यंत हलवून सेंट्रीफ्यूज करावे व रीडिंग घेण्यात यावे.

प्रमाणं बरोबर, क्रमही बरोबर. ज्याला टेस्ट येते त्याला एवढं पुरतं. पण ज्याला येते तो कागदाकडे बघतच नाही.

आता मोजा: घेऊन, टाकून, बसवून, हलवून. मुलगा हातात पिपेट धरून वर बघतो, खाली बघून एक काम करतो, पुन्हा वर बघतो, आणि आपण कुठल्या 'ऊन'वर होतो ते त्याला सापडत नाही. मग तुम्हाला हाक येते. मराठीत 'ऊन' लावत गेलं की वाक्य कितीही लांबतं आणि लिहिणाऱ्याला ते सुटसुटीतच वाटतं, म्हणून हा दोष आपल्याला दिसत नाही. मी आता एकच गोष्ट पाळतो: मान खाली घालून जेवढं काम एका दमात होतं तेवढीच एक पायरी, आणि तिला एकच क्रियापद. 'करावे', 'घेण्यात यावे' काढून सरळ 'घ्या', 'सोडा', 'बसवा'. 'घेण्यात यावे' वाचून ते दुसरं कुणीतरी करणार असंच वाटतं.

दुसरा घोटाळा आधी-नंतरचा. "बूच बसवण्यापूर्वी ब्युटायरोमीटरची मान कोरडी असल्याची खात्री करावी" हे वाक्य बुचापासून सुरू होतं, त्यामुळे हात आधी बुचाकडे जातो. हाताने जे आधी करायचं ते वाक्यातही आधी यायला हवं. सावधगिरीचंही तसंच. आमच्या कागदावर "हलवताना काच तापते, फडक्यात धरावी" हे अगदी तळाशी 'विशेष सूचना' या मथळ्याखाली होतं. एका मुलाने पायऱ्या वरून खाली इमानदारीने वाचल्या आणि तळाशी पोचण्याआधी उघड्या हाताने ब्युटायरोमीटर हलवला. ॲसिड आणि दूध एकत्र आलं की काच हातात धरवत नाही इतकी तापते. चटका बसला, हात सुटला, नळी सिंकमध्ये फुटली. डोळ्यांवर चष्मा होता म्हणून थोडक्यात निभावलं. ती ओळ त्याने वाचलीच नव्हती असं मी आठवडाभर सांगत फिरलो. चूक ती तिथे लिहिणाऱ्याची, म्हणजे माझी होती.

पण सगळ्यात जास्त वेळ द्या तो 'एकजीव', 'योग्य', 'व्यवस्थित', 'साधारण' या शब्दांना. प्रत्येकाच्या मागे एक नजर लपलेली असते आणि ती नजर नवीन मुलाकडे नसते. 'एकजीव होईपर्यंत' वाचून आमचा एक मुलगा पाच-सहा झटके देऊन थांबायचा. दूध फाटून झालेल्या गुठळ्या पूर्ण विरघळलेल्या नसायच्या. सेंट्रीफ्यूजमधून काढल्यावर फॅटच्या पिवळ्या थराच्या बुडाशी पांढरे कण दिसायचे, त्यामुळे थर कुठे संपतो ते नीट कळत नव्हतं आणि तो अंदाजाने आकडा टाकायचा. एका शेतकऱ्याने सलग तीन दिवस फॅट कमी लागल्याची तक्रार केली तेव्हा हे उघडकीला आलं. त्या ओळीत वेळ किंवा झटक्यांची संख्या लिहून भागलं नसतं, कारण प्रत्येकाचा हात वेगळा. डोळ्याला काय दिसल्यावर थांबायचं, ते लिहावं लागलं.

मधला भाग मी असा लिहिला. चष्मा, हातमोजे आणि नमुना ढवळणं याच्या पायऱ्या याच्या आधी येतात.

१. ब्युटायरोमीटर स्टँडमध्ये उभा ठेवा. उघडं तोंड वर.

२. ॲसिडच्या मापाने १० मिली ॲसिड सोडा. मानेला आतून ॲसिड लागू देऊ नका. लागलं तर बूच नंतर निसटतं.

३. लाल पट्टीच्या पिपेटमध्ये खुणेपर्यंत दूध घ्या. रबरी फुग्याने ओढा, तोंडाने नाही.

४. पिपेटचं टोक मानेच्या खाली, आतल्या भिंतीला तिरकं टेकवा. दूध हळू सोडा. असं दिसायला हवं: खाली ॲसिड, वर पांढरं दूध, दोन थर वेगळे. मध्ये तपकिरी पट्टा आला तर चालेल. सगळंच ढवळून तपकिरी झालं तर ही नळी बाजूला ठेवा, नवीन घ्या.

५. दूध थांबल्यावर मनात तीन मोजा. टोक भिंतीला टेकवा आणि पिपेट काढा. उरलेला थेंब फुंकू नका.

६. अल्कोहोलच्या मापाने १ मिली अल्कोहोल सोडा.

७. मान आतून बघा. ओली असेल तर कोरड्या फडक्याने पुसा.

८. बूच घट्ट बसवा.

९. काच आता तापणार आहे. ब्युटायरोमीटर जाड फडक्यात गुंडाळा. अंगठा बुचावर दाबून धरा. बुचाचं तोंड स्वतःकडे किंवा दुसऱ्या कुणाकडे नको.

१०. हलवा. थांबायचं कधी: सगळं एकसारखं गडद तपकिरी झालं आणि उजेडासमोर धरल्यावर एकही पांढरा कण दिसला नाही की.

११. तीन-चार वेळा उलटा-सुलटा करा, म्हणजे बारीक नळीत अडकलेलं ॲसिडही मिसळेल.

जुन्या एका वाक्यातला 'हलवून'पर्यंतचा भाग अकरा पायऱ्यांचा झाला. साहेब म्हणाले कागद लांबला. लांबला खरा, पण वाचायला लागणारा वेळ कमी झाला.

कारणं कुठे द्यायची? जिथे मुलगा शॉर्टकट मारणार तिथेच, आणि अर्ध्या ओळीत. ॲसिड आधी, दूध नंतर या क्रमाला कारण द्यावं लागत नाही, तो पाळला जातो. मान कोरडी ठेवणं मात्र कंटाळवाणं काम आहे, म्हणून तिथे "बूच निसटतं" हे लागतं.

सेंट्रीफ्यूजच्या पायऱ्या सोप्या आहेत: बूच बाहेरच्या बाजूला, समोरच्या खोबणीत तेवढ्याच वजनाचा दुसरा ब्युटायरोमीटर, ११०० फेऱ्यांवर ५ मिनिटं, मग बूच खाली करून ६५ अंशाच्या वॉटर बाथमध्ये ५ मिनिटं. यात फारसं कुणी अडत नाही. अडतात ते रीडिंगला. "रीडिंग घ्या" असं लिहिलं तर तीन मुलं तीन आकडे सांगतात. म्हणून तिथे: नळी डोळ्यांच्या रेषेत उभी धरा. बूच हळू आत-बाहेर करून पिवळ्या थराचं खालचं टोक एका पूर्ण आकड्यावर आणा. थराच्या वरच्या टोकाला वाटीसारखा खोलगट भाग दिसेल, त्याच्या तळाचा आकडा वाचा. वरच्यातून खालचा वजा करा. खाली २, वर ६.३, तर फॅट ४.३. हा हिशोब मी कागदावर चित्रासकट ठेवला आहे. रीडिंगच्या पायरीला चित्र नसेल तर ती पायरी अपुरी आहे असं मी समजतो.

त्याच्या खाली दोनच ओळी, 'असं दिसलं तर' म्हणून. थराखाली काळे, जळल्यासारखे कण: ॲसिड जास्त तीव्र आहे किंवा दूध घाईने ॲसिडवर पडलं. थराखाली पांढरे कण: हलवणं कमी पडलं किंवा ॲसिड पातळ झालं. दोन्ही वेळा आकडा लिहू नका, टेस्ट पुन्हा करा, पुन्हा तेच आलं तर केमिस्टला सांगा. हाक मारायची वेळ कधी आहे हे कागदानेच सांगितलं की बाकीच्या हाका आपोआप कमी होतात.

लिहून झालं की लगेच लॅमिनेट करू नका. ज्याने ही टेस्ट कधीच पाहिली नाही अशा माणसाला (आमच्याकडे डॉकवर कॅन उतरवणारा एक मुलगा तयार झाला) कागद द्या आणि ॲसिड, दूध, अल्कोहोल या तिन्हीच्या जागी साधं पाणी ठेवून रंगीत तालीम करा. त्यासाठी वेगळा, कोरा भांड्यांचा संच घ्या. ॲसिडच्या मापात किंवा बाटलीत पाणी कधीही जाता कामा नये. तुम्ही हात खिशात घालून बसायचं आणि बोलायचं नाही. तो जिथे थांबेल, तुमच्याकडे बघेल किंवा पान परत वर वाचेल, तिथे पेन्सिलने खूण करा.

आमच्या पहिल्या तालमीत नऊ खुणा झाल्या. त्यातल्या दोन मला कधीच सुचल्या नसत्या. एक, स्टँडवर दोन पिपेट होत्या, १० मिलीची आणि १०.७५ची, आणि त्याने जवळची उचलली. यावर वाक्य लिहीत बसण्यापेक्षा १०.७५च्या पिपेटला लाल चिकटपट्टी लावली आणि दुसरी कपाटात टाकली. दोन, कागदावर 'स्टॉपर' होतं, सगळे बोलताना 'बूच' म्हणायचे आणि जुने केमिस्ट 'कॉर्क'. तो तिसरी वस्तू शोधत होता. आता सगळीकडे बूच. ब्युटायरोमीटरला आमच्याकडे सगळे ब्युटायरोमीटरच म्हणतात, म्हणून तो शब्द कितीही बोजड असला तरी तसाच ठेवला. 'स्निग्धांशमापक' वगैरे करू नका. पिपेटवर आकडे इंग्रजी आहेत म्हणून भिंतीवरच्या कागदातही इंग्रजी आकडेच आहेत. इथे मी मराठीत लिहितोय, तिथे तसं करू नका.

एक मर्यादा आधीच मान्य करा. पाण्यावर जमलं म्हणून ॲसिडवर एकटं सोडायचं नाही. पहिल्या काही टेस्ट कुणीतरी शेजारी उभं राहिलंच पाहिजे. कागद वाचून टेस्ट जमते, पण बुचावर अंगठा किती दाबायचा ते हातानेच कळतं. ॲसिड अंगावर उडालं तर काय करायचं (नळाखाली भरपूर वाहतं पाणी, निदान १५ मिनिटं, आणि त्याच वेळी हाक) हे या कागदात नको. ते वेगळ्या पाटीवर, मोठ्या अक्षरात, नळाच्या वर हवं, कारण त्या क्षणी कुणी पायऱ्या वाचत नाही.

आणि कागद लावायची जागा. आमचा दाराशेजारी होता, ब्युटायरोमीटरच्या स्टँडकडे पाठ. तो स्टँडच्या मागच्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला आणला. ॲसिडचे थेंब उडून प्लास्टिक खराब होतं, तेव्हा दोन प्रती काढून ठेवा.