बाळंतिणीची डोकेदुखी: कारण शोधण्याआधी रक्तदाब मोजा

“सिझर होऊन सहा दिवस झाले आहेत. कालपासून डोकं खूप दुखतंय. आई म्हणते जागरणानं होतंय, सासूबाई म्हणतात कानाला वारं लागलं. कमरेत दिलेल्या इंजेक्शनामुळं असेल का? गरोदरपणात मला बीपी कधीच नव्हतं, तरी बीपीची भीती वाटते. डॉक्टरांकडे जाऊ की थांबू?”

थोड्याफार फरकाने हा प्रश्न माझ्याकडे इतक्या बाळंतिणींकडून आला आहे की त्याचे उत्तर मी आता एका क्रमानेच देते. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजणे आधी आणि कारणांची चर्चा त्यानंतर. असा उलटा वाटणारा क्रम का, हे मला ज्या मुलीमुळे नेमके मांडता आले, तिची हकीकत सांगते. तिला आपण वैशाली म्हणू. काही तपशील ओळख लपवण्यासाठी बदलले आहेत.

वैशालीची प्रसूती नाशिकमध्ये झाली आणि चौथ्या दिवशी ती माहेरी ओझरला गेली. घरी सोडताना तिचा रक्तदाब १२८/८४ होता आणि तो कागद तिच्या आईने जपून ठेवला होता. सहाव्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला, तो मात्र डोकेदुखीसाठी नव्हता. “ताई, मला बाळाकडे बघवत नाही, माझं काहीतरी बिघडलंय,” असे ती म्हणाली. प्रसूतीनंतरच्या उदासीनतेची सुरुवात म्हणून हे वाक्य सहज खपले असते. परंतु बाळंतिणीच्या मनाकडे तिच्या शरीरावरूनच जावे, या मताची मी पहिल्यापासून आहे, म्हणून मी विचारले, “बघवत नाही म्हणजे नेमकं काय होतं?” ती म्हणाली, “मान खाली घातली की डोकं फुटतं, आणि बाळाच्या तोंडावर चमकणारे ठिपके नाचतात.”

तिच्याजवळ डोकेदुखीची कारणे भरपूर होती आणि प्रत्येक कारण खरे होते. रात्रभर दर दोन तासांनी दूध पाजणे चालू होते. बाळंतिणीला पाणी बेताने द्यायचे, या घरच्या पद्धतीमुळे दिवसभरात जेमतेम तीन-चार पेले पाणी पोटात जात होते. चहाची सवय एकदम तुटली होती. खोलीची दारे-खिडक्या बंद करून शेकशेगडीही चालू होती. आमच्याकडे निफाडच्या बाजूला थंडी कडाक्याची असते, तेव्हा शेगडी समजण्यासारखी आहे. पण बंद खोलीत कोळशाच्या धुरातील विषारी वायूने आईचे डोके दुखते आणि बाळाच्या जिवालाही धोका होतो. खोलीबाहेर आल्यावर डोके हलके होत असेल, तर शेगडी त्याच दिवशी बंद व्हायला हवी. शिवाय शस्त्रक्रियेसाठी कमरेत भूल दिलेली होतीच.

त्या इंजेक्शनाची डोकेदुखी असते, मात्र तिचे वागणे ठरलेले आहे. सुई गेलेल्या जागेतून मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचे पाणी झिरपत राहिले की बसल्यावर किंवा उभे राहिल्यावर काही मिनिटांत डोके ठणकू लागते आणि आडवे झाले की बरेचसे ओसरते. ती बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांतच सुरू होते. म्हणून मी वैशालीला विचारले, “आडवी झालीस की किती फरक पडतो?”

“काहीच नाही, ताई. झोपलं तरी तसंच राहतं.”

“गोळी घेतलीस?”

“दुपारी पॅरासिटामॉल घेतली. तासभर जरा बरं वाटलं, मग पुन्हा सुरू.”

तिची आई मागून म्हणाली, “अहो मॅडम, डिंकाच्या लाडवानं पित्त पण झालंय तिला, छातीखाली दुखतंय म्हणते.” पोटाच्या वरच्या भागातील, विशेषतः उजव्या बरगडीखालील दुखणे बाळंतिणीच्या घरात नेहमी लाडवांच्या नावावर जमा होते. प्रत्यक्षात बाळंतपणानंतर रक्तदाब वाढण्याच्या आजारात, म्हणजे प्रीएक्लॅम्पसियात, यकृतावर ताण येतो आणि दुखणे नेमके तिथेच जाणवते.

तिच्या वडिलांचे दंडावर बांधायचे डिजिटल मशीन घरातच होते. खुर्चीला पाठ टेकवून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, पाच मिनिटे न बोलता बसायचे आणि हात छातीच्या उंचीवर टेकवून मोजायचे, असे मी सांगितले. आकडा आला १५८/१०४. आई म्हणाली, “मशीन बिघडलं असेल,” आणि तिने तोच पट्टा वडिलांच्या दंडाला बांधला. त्यांचा आकडा १३२/८० आला. पंधरा मिनिटांनी वैशालीचा पुन्हा मोजला, तेव्हा १६२/१०८ होता. आता चर्चेला जागाच नव्हती. घरचे वाहन दारात होते, ते तासाभरात तिला महामार्गाने नाशिकला घेऊन आले. वाहन नसते, तर मी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवायला सांगितले असते.

रुग्णालयात तिच्या लघवीत प्रथिने सापडली आणि रक्त तपासणीत यकृताचे आकडे वाढलेले आढळले. झटके येऊ नयेत म्हणून तिला मॅग्नेशियम सल्फेट देण्यात आले आणि रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या. बाळाला दूध चालू ठेवता येईल, अशाच गोळ्या डॉक्टरांनी निवडल्या. अशा गोळ्या उपलब्ध असतात, त्यामुळे दूध तुटेल या भीतीने उपचार टाळण्याचे कारण नसते.

“पण गरोदरपणात मला बीपी नव्हतंच की,” हे वाक्य तिने त्या आठवड्यात बहुधा प्रत्येक डॉक्टरला ऐकवले असेल. प्रसूतीनंतर शरीरात साठलेले पाणी पुन्हा रक्तात येऊ लागते आणि साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवसादरम्यान रक्तदाब सर्वांत वर जातो. नेमकी तेव्हाच बाळंतीण घरी आलेली असते आणि तपासायला जवळ कोणी नसते. हा आजार बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत कधीही सुरू होऊ शकतो आणि ज्यांचा रक्तदाब आधी उत्तम होता, त्यांनाही होतो. घरी सोडतानाचा आकडा त्या दिवसापुरताच खरा असतो.

इथे माझे म्हणणे नीट समजून घ्यावे. जागरण, कमी पाणी, वाकून पाजल्याने आखडलेली मान, परतलेली अर्धशिशी, ही कारणे जवळजवळ प्रत्येक बाळंतिणीजवळ हजर असतात. म्हणून त्यांतले एखादे सापडले, एवढ्यावरून रक्तदाब नाही असे कधीच सिद्ध होत नाही. वैशालीला जागरणही होते आणि रक्तदाबही होता. माझ्या नोंदवहीत बाळंतिणीच्या पहिल्या पानावर रक्तदाबाचा रकाना असतो. तो मी स्वतः आखून घेतला तेव्हा सहकारी हसले होते. आता त्यांच्याही वह्यांत तो आला आहे, याचे मला समाधान आहे.

आकड्यांचा हिशेब फार किचकट नाही. बाळंतिणीचा आकडा १४०/९० किंवा त्याहून अधिक आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. त्यासोबत डोकेदुखी, डोळ्यांपुढे ठिपके किंवा अंधुकपणा, वरच्या पोटात दुखणे, दम लागणे यांपैकी काही असेल, तर फोनवर न थांबता रुग्णालयात जावे. १६०/११० या पातळीचा एक जरी आकडा, म्हणजे वरचा १६० किंवा खालचा ११०, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजूनही टिकला, तर ती आणीबाणी आहे आणि औषध तासाभरात सुरू व्हायला हवे. फक्त पाय सुजणे बाळंतपणानंतर नेहमीचे आहे. चेहरा आणि हात एकदम सुजले तर दुर्लक्ष करू नये.

रक्तदाब चांगला आला म्हणूनही प्रत्येक डोकेदुखी निर्धोक ठरत नाही. क्षणार्धात शिगेला पोहोचलेली वेदना, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, झटका, बोलणे अडखळणे, ताप आणि ताठ मान, किंवा दिवसागणिक वाढत जाणारी आणि आडवे झाल्यावर जास्त होणारी डोकेदुखी, यांपैकी काहीही असले तर आकडा न पाहता निघावे. बाळंतपणात रक्त गोठण्याकडे कल असतो आणि मेंदूच्या शिरेत गुठळी झाली, तरी डोकेच दुखते. पाणी कमी पडले की हा कल वाढतो, म्हणूनही पाणी बेताने देण्याची पद्धत मला मान्य नाही.

खरे समुपदेशन त्यानंतर सुरू झाले. घरी परतलेली वैशाली दिवसातून दहा-बारा वेळा पट्टा बांधू लागली. डोके जरा ठणकले की मशीन, आकडा पाहून धडधड, धडधडीने आकडा वाढलेला, पुन्हा मशीन. घरचे तिला “विचार करू नकोस” म्हणत होते. भीतीला समजावण्यापेक्षा तिला काम द्यावे, हा माझा कल आहे. ठरवले असे की सकाळ-संध्याकाळ, ठरलेल्या वेळी दोनदाच मोजायचे. अधेमधे नवे लक्षण आले तरच एकदा जास्त. आकड्याच्या बाजूला एका ओळीत वेदनेचे वागणे लिहायचे: कुठे आहे, आडवे झाल्यावर काय झाले, गोळी आणि पाण्यानंतर तासाभरात काय झाले.

तिसऱ्या आठवड्यात ती वही घेऊन माझ्यापुढे बसली. आदल्या संध्याकाळी डोके दुखले होते. “ताई, मी घाबरले, पण आधी पट्टा बांधला. १२४/८०. मग लक्षात आलं, हे मानेतून वर चढतंय. दुपारभर वाकून पाजत होते. दोन पेले पाणी प्यायले, गोळी घेतली, आईनं पाठीला उशी लावून दिली. तासाभरात उतरलं.” आणि मग जरा थांबून, “त्या वेळचं दुखणं असं उतरतच नव्हतं.”

हा फरक मी तिला पहिल्या दिवसापासून सांगत होते, परंतु तो तिचा झाला तिच्या अक्षरातल्या दोन ओळी शेजारीशेजारी आल्यावर. त्या वहीत मला तिच्या मनाचा कौल दिसला. एक दुरुस्ती मात्र मी तिथेच केली: वेदना मानेत आहे म्हणून निर्धास्त होऊ नकोस, कारण जागेवरून निदान होत नाही, तू निर्धास्त झालीस ती आधी आकडा पाहिलास म्हणून. ती हसून म्हणाली, “पट्टा आधी, मान नंतर.”

गोळ्या तिने मनाने थांबवल्या नाहीत, डॉक्टरांनी आकडे पाहून हळूहळू कमी केल्या. पुढच्या गरोदरपणात पहिल्याच तपासणीला हा आजार सांगायचा आणि तोवर वर्षातून एकदा रक्तदाब मोजायचा, कारण पुढे उच्च रक्तदाब जडण्याचा धोका अशा स्त्रियांमध्ये अधिक राहतो, हे तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले.

ज्या घरात मशीन नाही, तिथे आशाताईंच्या भेटीची वाट न पाहता जवळच्या दवाखान्यात जाऊन मोजावे. आणि तातडीच्या विभागात पोहोचल्यावर पहिले वाक्य “डोकं दुखतंय” हे नसावे. साध्या साडीतल्या, बाळ घरी ठेवून आलेल्या बाईकडे पाहून ती बाळंतीण आहे, हे तिथल्या डॉक्टरांना कळत नाही आणि १५० चा आकडा त्यांना एरवी फार वाटत नाही. म्हणून सोबतच्या माणसाने आधी सांगावे: “हिची प्रसूती अमुक दिवसांपूर्वी झाली आहे, आणि हिचं डोकं दुखणं गोळीनं थांबत नाहीये.”