तूट, विचलन की तफावत?

प्रश्न : देवगडात आमचं आंबा पॅकिंगचं छोटं ऑफिस आहे. बजेट आणि प्रत्यक्ष खर्चाच्या तक्त्यात फरकाच्या रकान्याला ‘तूट’ म्हणावं की ‘विचलन’? लाल-हिरवा रंग कुठे द्यायचा?

‘तूट’ खोडा आधी! परवा एका पतसंस्थेच्या सभेत ‘वीजबिलात तीन हजारांची तूट’ असं वाचून दाखवलं. सगळे हळहळले, आणि प्रत्यक्षात तेवढे पैसे वाचले होते. ‘विचलन’ संख्याशास्त्राला राहू द्या, तिथे त्याला प्रमाण विचलनाचं काम आहे.

शब्द आहे ‘तफावत’. शुद्धीवाले म्हणतील, फारसीतून आलेला. मग तेच लोक ‘अंदाजपत्रक’ कसं लिहितात? त्यातला ‘अंदाज’ही फारसीच, तिरंदाज-गोलंदाजातला, म्हणजे फेकणं.

तफावतीचं मूळ अरबी. ‘फ-व-त’ या धातूचा अर्थ हातून निसटणं. फेरफाराच्या उताऱ्यात आजोबांच्या नावापुढे ‘फौत’, म्हणजे मयत, असं लिहिलेलं पाहिलं असेल. तोही याच धातूचा, जो निसटला तो. तफावत म्हणजे दोघांनी एकमेकांना चुकवणं. अंदाज एका वाटेने गेला, खर्च दुसऱ्या. कमी की जास्त, हे शब्द सांगतच नाही. ‘तूट’ मात्र आधीच निकाल देऊन मोकळी होते.

निकाल चिन्हाने द्यावा. खर्चाच्या ओळीत अंदाजातून प्रत्यक्ष वजा करा, जमेच्या ओळीत प्रत्यक्षातून अंदाज. मग उणे आलं की वाईट, कुठल्याही ओळीत. टेम्पोच्या डिझेलचा अंदाज ४०,००० आणि खर्च ४६,०००, तर तफावत उणे ६,०००. विक्रीचा अंदाज ५,००,००० आणि आले ४,५०,०००, तर उणे ५०,०००. रंगाची दिशा ठरवायला एकच नियम पुरतो : शून्याखाली लाल, वर हिरवा. सगळीकडे सरसकट प्रत्यक्षातून अंदाज वजा केलात, तर डिझेलचा जादा खर्च हिरवा होऊन मिरवेल.

टक्का अंदाजावर काढायचा, प्रत्यक्षावर नाही. डिझेल उणे १५ टक्के, विक्री उणे १०. B मध्ये अंदाज, D मध्ये तफावत असेल तर :

```
=IF(B2=0,"",D2/B2)
```

अंदाज शून्य असेल तर रकाना रिकामा राहतो, नाहीतर `#DIV/0!` येतं. आणि नुसत्या टक्क्यावर लाल रंग देऊ नका. सुतळीचा अंदाज ५००, खर्च ९००, म्हणजे उणे ८० टक्के. पण चारशे रुपयांसाठी कोण बोंब मारणार? उणे आलं तरी टक्का आणि रक्कम दोन्ही तुम्ही ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेल्यावरच लाल करा.

हिरव्यावरही भुलू नका. मे महिन्यात भाड्याच्या ओळीत हिरवं दिसलं तर आधी ट्रकवाल्याचं बिल आलंय का ते विचारा.